टाचेची सोनोग्राफी: फॅशियाचा आकडा आणि न दुखणारी जाड कंडरा

त्रेचाळीस वर्षांचे एक धावपटू माझ्याकडे सोनोग्राफीसाठी आले होते. आठवड्याला साधारण ४५ किलोमीटर धावण्याचा त्यांचा परिपाठ होता. चार महिन्यांपासून त्यांची उजवी टाच दुखत होती. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली आठ-दहा पावले टाकताना कळ यायची, मग चालता चालता ती ओसरायची आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा यायची. टाचेच्या मागच्या बाजूला, म्हणजे पोटरीकडून खाली उतरणाऱ्या अकिलिस या जाड कंडरेत, त्यांना कसलाही त्रास नव्हता. तरीही टाचेची तपासणी करताना ती कंडरा मी नेहमीच पाहतो, आणि त्यामुळे त्यांच्या अहवालात दोन दोष नोंदले गेले. उजव्या पायाचा प्लांटर फॅशिया ५.३ मिलिमीटर जाड भरला, तर डावा ३.६ मिलिमीटर. उजवी अकिलिस कंडरा मधल्या भागात ७.४ मिलिमीटर जाड असून तिच्यात काळसर भाग दिसत होते, तर डावी ५.२ मिलिमीटर होती.

अहवाल हातात पडताच त्यांचे सगळे लक्ष दुसऱ्या ओळीकडे गेले. अकिलिस कंडरा तुटते हे त्यांनी ऐकलेले होते. ‘दुखतेय एकीकडे आणि बिघडलेय दुसरीकडे, असे आहे का?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे तर हे आकडे कसे काढतात, ते किती विश्वासार्ह असतात आणि कंडरेच्या बाबतीत ‘झीज’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे पाहावे लागते.

चार मिलिमीटरची रेघ

प्लांटर फॅशिया हा तळपायाचा चिवट पट्टा टाचेच्या हाडाच्या खालच्या, आतल्या बाजूला सुरू होतो आणि पंख्यासारखा पसरत बोटांच्या मुळांपर्यंत जातो. चवड्यावर भार देऊन पाऊल पुढे ढकलताना बोटे वर वळतात, तेव्हा हा पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उचलून धरतो. धावताना हे प्रत्येक पावलाला घडत असल्यामुळे हाडाला चिकटलेल्या टोकावर सर्वांत जास्त ओढ पडते. दुखणे बहुतेक तिथेच सुरू होते आणि मोजमापही तिथेच घेतले जाते.

तपासणीसाठी रुग्णाला पालथे झोपवून पाऊल पलंगाच्या कडेबाहेर मोकळे सोडायला सांगतात. तळव्यावर जेल लावून प्रोब टाचेपासून बोटांच्या दिशेने उभा धरला की पडद्यावर टाचेचे हाड वळणदार, लख्ख पांढऱ्या रेघेसारखे दिसते. ध्वनिलहरी हाडातून पलीकडे जात नाहीत, म्हणून त्या रेघेमागे नुसता काळोख असतो. हाडाच्या अलीकडे टाचेची चरबीची गादी असते आणि या दोघांच्या मधून फॅशिया निघालेला दिसतो. निरोगी फॅशियात, किंवा कोणत्याही निरोगी कंडरेत, एकमेकींना समांतर अशा बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, जणू सुताची लड दोन्ही टोकांना ताणून धरली आहे. टाचेची गादी जाड असल्याने इथे ध्वनिलहरी बऱ्याच शोषल्या जातात. म्हणून अकिलिससाठी चालणारी जास्त कंपनसंख्या फॅशियासाठी कधी थोडी कमी करावी लागते. कंपनसंख्या वाढवली की बारकावे अधिक दिसतात, पण खोली कमी होते.

फॅशिया हाडापासून सुटतो तिथे त्याची जी सर्वांत जाड जागा असते, तिथे धाग्यांना काटकोनात रेघ ओढून जाडी मोजतात. सर्वसाधारणपणे ४ मिलिमीटरपर्यंतची जाडी ठीक मानली जाते आणि त्यापुढची वाढलेली समजतात. आकडा इतका सुटसुटीत आहे की लोकांना तो पाठ होतो, पण मोजणाऱ्याच्या हातून तो सहज बदलू शकतो. रेघ काटकोनाऐवजी ३० अंशांनी तिरपी पडली, तर ४ मिलिमीटरचा फॅशिया ४.६ मिलिमीटरचा होतो, कारण तिरपी रेघ नेहमीच लांब भरते. चरबीच्या थरातला एखादा पांढरा पापुद्रा चुकून रेघेत धरला गेला तरी आकडा वाढतो. उलट हाडापासून एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकून मोजले तर तो कमी येतो, कारण फॅशिया पुढे निमुळता होत जातो. एकाच दिवशी दोन अनुभवी व्यक्तींनी एकच पाऊल मोजले तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडू शकतो. म्हणून अहवालात ४.२ लिहिले आहे एवढ्यावरून मी कोणालाही आजारी ठरवत नाही.

शिवाय वजन जास्त असलेल्या माणसांचा फॅशिया मुळातच जाड असतो आणि वर्षानुवर्षे धावणाऱ्या काही जणांचा तो न दुखताही ४ मिलिमीटरच्या पुढे गेलेला आढळतो. त्यामुळे दोन्ही पाय मोजलेले असले तर अहवालाला खरी किंमत येते. वजन, वय आणि धावण्याचा सराव दोन्ही पायांना सारखाच असतो, तेव्हा दुसरा पाय हाच त्या माणसाचा स्वतःचा मापदंड ठरतो. दोन पायांत एक मिलिमीटरहून अधिक तफावत असेल तर ती मोजमापातल्या चुकीने सहसा येत नाही. आपल्या धावपटूंच्या बाबतीत हा फरक १.७ मिलिमीटरचा होता. डाव्या बाजूचा आकडा नसता आणि नुसते ५.३ लिहिलेले असते, तर माझे मत इतके ठाम झाले नसते.

काळे दिसले म्हणजे बिघडलेच असे नाही

जाडीइतकाच महत्त्वाचा असतो तो फॅशियाचा पोत. बिघडलेला फॅशिया काळसर दिसतो, त्यातल्या समांतर रेघा पुसट होतात किंवा तुटक दिसतात आणि एरवी सपाट असणारी त्याची खालची कड बाहेर फुगते. मात्र इथे यंत्राची एक खोड आहे, जी रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. ध्वनिलहरी धाग्यांवर काटकोनात आदळल्या तरच त्या सरळ प्रोबकडे परततात आणि धागे पांढरे दिसतात. प्रोब जरासा कलला तर त्या भलतीकडे परावर्तित होतात आणि पूर्णपणे निरोगी कंडराही काळी दिसू लागते. रात्री ओल्या रस्त्यावरची चमक एका विशिष्ट कोनातून दिसते आणि दोन पावले बाजूला सरकले की नाहीशी होते, तसाच हा प्रकार आहे.

अडचण अशी की फॅशिया नेमका हाडाला चिकटतो तिथेच किंचित वळतो. खरा बिघाड जिथे होतो, तिथेच खोटा काळेपणाही दिसतो. दोन्ही ओळखण्याची रीत साधी आहे. प्रोबचे एक टोक हळूच दाबून त्याचा कोन बदलत राहायचे. काळेपणा एखाद्या कोनात नाहीसा होऊन रेघा परत दिसल्या तर तो फसवा होता. कोणत्याही कोनात तो जाईना, तर तो खरा मानावा. पडद्यावरचे एकच स्थिर चित्र छापून दिलेले असते, तेव्हा ही पडताळणी झाली होती की नाही हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून केवळ छापील चित्र पाहून कोणी मत विचारले तर मी ते देण्याचे टाळतो.

या धावपटूंच्या फॅशियात काळेपणा कोन बदलूनही कायम राहिला. डॉप्लर लावल्यावर तिथे रक्तप्रवाहाचे दोन-तीन ठिपके उमटले. त्यानंतर मी प्रोबनेच त्या जागी दाबले आणि त्यांनी लगेच पाय आखडून घेतला. पडद्यावरची बिघडलेली जागा आणि दुखणारी जागा एकच आहे की नाही, हे चित्र पाहता पाहता दाबून तपासता येते, ही सोनोग्राफीची मोठी सोय आहे. एमआरआयमध्ये असे करता येत नाही. पुढे अकिलिसवर तितकाच दाब दिला तेव्हा त्यांना काहीच झाले नाही. कोणती जागा दुखते या प्रश्नाचा निकाल त्या दोन दाबांनी लागला.

जाता जाता एक गोष्ट. टाच दुखणाऱ्या बहुतेकांना कोणीतरी ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे सांगितलेले असते, तसे ते यांनाही सांगितले होते. एक्स-रेमध्ये दिसणारा तो हाडाचा काटा टाच न दुखणाऱ्या अनेकांच्या पायातही असतो आणि दुखणे पूर्ण थांबल्यावरही तो तसाच राहतो. तो पायात रुततो म्हणून दुखते, ही कल्पना सोडून दिलेली बरी.

फॅशिया दोन्हीकडे सारखा, पातळ आणि रेघांनी भरलेला दिसला, पण टाच मात्र दुखतेच आहे, असेही घडते. अशा वेळी धावणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत आधी टाचेच्या हाडाला पडलेल्या सूक्ष्म भेगेचा विचार करावा लागतो. हे दुखणे सकाळच्या पावलांनंतर ओसरत नाही, उलट जितके चालावे तितके वाढते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली तरी कळ येते. सोनोग्राफीला हाडाच्या आतले दिसत नाही, त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ हे शब्द अशा ठिकाणी दिलासा देणारे नसतात आणि एमआरआय करावाच लागतो. याखेरीज टाचेच्या आतल्या बाजूने जाणारी नस दबली असेल किंवा चरबीची गादी झिजली असेल, तरी दुखणे टाचेतच जाणवते. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा एकदम दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली राहत असेल, तर त्याने आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावे.

झिजलेली कंडरा जाड का होते

आता अकिलिस. मराठीत झीज म्हटले की पातळ होणे डोळ्यांसमोर येते. चप्पल झिजते, उंबरठा झिजतो, नाणे झिजते, आणि प्रत्येक वेळी वस्तू कमी होते. कंडरेचे याच्या अगदी उलट असते. अहवालात ‘झीज’ आणि ‘जाडी वाढलेली’ हे दोन्ही शब्द एकाच ओळीत पाहून लोक गोंधळतात, त्याचे कारण हेच आहे.

कंडरा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी बनलेली असते. हे तंतू एकमेकांना समांतर, दाट रचलेले असतात आणि त्यांच्यामधली जागा फार थोडी असते. पेलवण्यापेक्षा अधिक भार पुन्हा पुन्हा पडला आणि दोन भारांच्या मध्ये दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळाला नाही, तर ही रचना विस्कटते. तंतू वेडेवाकडे होतात आणि त्यांच्यामधल्या जागेत पाणी धरून ठेवणारा पदार्थ साचतो. त्या पाण्यामुळे कंडरा फुगते, आणि परावर्तन करणारे तंतू ओळीत राहिले नाहीत म्हणून तो भाग पडद्यावर काळा दिसतो. त्यामुळे झिजलेली कंडरा सहसा जाड आणि काळसर असते. ही नेहमीच्या अर्थाची सूज नाही. जुनाट बिघाड झालेल्या कंडरेत नेहमीच्या सुजेत दिसणाऱ्या पेशी फारशा सापडत नाहीत, म्हणून सूज उतरवण्याच्या गोळ्यांनी दुखणे तात्पुरते हलके झाले तरी रचना सुधारत नाही.

अकिलिसची जाडी कंडरेच्या आडव्या छेदात, पुढून मागे अशी मोजतात. उभ्या छेदात मोजण्याचा मोह होतो, कारण चित्र सुंदर येते. पण ही कंडरा खाली उतरताना पीळ घेते, त्यामुळे उभा प्रोब तिच्या मध्यावरून तिरपा गेला आहे हे लक्षातही येत नाही आणि आकडा फसवतो. आडव्या छेदात निरोगी कंडरेची पुढची, म्हणजे घोट्याकडची बाजू सपाट किंवा किंचित आत वळलेली असते आणि एकंदर आकार चंद्रकोरीच्या जवळ जातो. साधारण ५ मिलिमीटर ही नेहमीची जाडी असते आणि ६ च्या पुढे शंका घ्यायला जागा असते. पण मी आकड्याआधी आकार पाहतो. पुढची बाजू बाहेर फुगून कोरीची गोळी झाली असेल तर ५.८ मिलिमीटरलाही मी बिघाड म्हणेन, आणि उंच, धिप्पाड माणसाची ६.२ मिलिमीटरची कंडरा दोन्हीकडे सारखी, कोरीच्या आकाराची आणि स्वच्छ रेघांची असेल तर तिला निरोगी म्हणेन.

बिघाडाची नेहमीची जागा कंडरा हाडाला चिकटते तिथून २ ते ६ सेंटिमीटर वर असते. उभ्या छेदात तिथे कंडरा चातीसारखी मध्ये फुगलेली आणि दोन्ही टोकांना निमुळती दिसते. पायाला हात लावून पाहिले तर बऱ्याचदा ही फुगीर जागा बोटांनाही कळते. दुसऱ्या प्रकारात बिघाड अगदी हाडाला चिकटलेल्या टोकावर असतो. तिथे कॅल्शियमचे पांढरे कण, हाडाची खडबडीत कड आणि हाड व कंडरा यांच्यामधल्या छोट्या पिशवीत वाढलेले पाणी दिसते. हे दोन प्रकार वेगळे ओळखणे गरजेचे असते, कारण पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम मधल्या भागाच्या बिघाडाला मानवतो, पण टोकाच्या बिघाडात हाड कंडरेवर दाबले जाऊन तोच व्यायाम त्रास वाढवू शकतो.

डॉप्लरचा वापर नव्याने वाढलेल्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी होतो. निरोगी कंडरेत रक्तप्रवाह जवळपास दिसतच नाही. बिघडलेल्या कंडरेत पुढच्या चरबीच्या बाजूने बारीक वाहिन्या आत शिरलेल्या दिसतात. मात्र पाऊल वर ओढून कंडरा ताणली किंवा प्रोब थोडा जोरात दाबला तर या वाहिन्या चेपल्या जातात आणि पडद्यावरून नाहीशा होतात. म्हणून तपासणीत पाऊल सैल सोडलेले असावे आणि प्रोब जेलच्या थरावर नुसता टेकवलेला असावा. नुकतेच धावून आलेल्या माणसात प्रवाह वेगळा दिसू शकतो, त्यामुळे अशी तपासणी मी शक्यतो धावण्याच्या दिवशी करत नाही. वाहिन्या दिसल्या म्हणजे दुखणारच असे नाही आणि दुखते म्हणजे त्या दिसणारच असेही नाही.

सोनोग्राफी जिथे खरोखर अडखळते ती जागा म्हणजे अर्धवट फाटलेली कंडरा. काळा भाग हा नुसता विस्कटलेल्या तंतूंचा आहे की त्यात चीर पडली आहे, हे अनेकदा खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी कथा महत्त्वाची ठरते. ‘कोणीतरी मागून पोटरीवर मारल्यासारखे वाटले’ असे माणूस सांगत असेल, तर मी चीर शोधत बसण्याआधी त्याला पालथे झोपवून पोटरी दाबतो. पाऊल आपोआप खाली वळायला हवे. ते वळले नाही तर कंडरा पूर्ण तुटलेली असण्याची दाट शक्यता असते.

दोन दोष, एक दुखणे

आता त्या धावपटूंच्या प्रश्नाकडे येतो. त्यांची उजवी कंडरा ७.४ मिलिमीटर जाड होती, तिचा आकार गोलसर झाला होता आणि मधल्या भागात काळसर पट्टे होते. चीर नव्हती आणि डॉप्लरमध्ये एखादाच ठिपका होता. डावी कंडरा अगदी सुस्थितीत होती. दोन्ही बाजूंना सारखी जाडी असती तर मी त्यांना कोलेस्टेरॉल तपासायला सांगितले असते, कारण आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या आजारात दोन्ही अकिलिसमध्ये चरबी साचून त्या जाड होतात. फ्लोरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविके अलीकडे घेतली होती का, हेही विचारले, कारण त्यांनी कंडरा कमजोर होऊ शकते. तीही घेतलेली नव्हती. बोलता बोलता त्यांना आठवले की दोन वर्षांपूर्वी चढाच्या रस्त्यांवर सराव वाढवला होता, तेव्हा सकाळी टाचेच्या मागे ताठरपणा जाणवायचा आणि तो दीड-दोन महिन्यांत आपोआप गेला होता. पडद्यावर दिसत होते ते त्या जुन्या प्रसंगाचे अवशेष असावेत. दुखणे गेले तरी तंतूंची विस्कट मागे राहते, कधी कायमची.

मग त्या ओळीकडे दुर्लक्ष करायचे का? तसेही नाही. न दुखणाऱ्या पण विस्कटलेल्या कंडरेत पुढे दुखणे सुरू होण्याची शक्यता निरोगी कंडरेपेक्षा अधिक असते, मात्र ते सर्वांनाच सुरू होते असे नाही. त्यांच्या बाबतीत एक खास धोका होता. टाच दुखते म्हणून त्यांनी गेला महिनाभर मुद्दाम चवड्यावर धावायला सुरुवात केली होती. त्यामुळे टाचेवरचा आघात कमी होतो हे खरे, पण तो भार कुठेतरी जातोच आणि तो जातो पोटरीवर आणि अकिलिसवर. ज्या कंडरेची राखीव ताकद आधीच कमी झाली होती, तिच्यावरच ते नकळत जास्तीचे काम टाकत होते. तो अहवाल त्यांच्या कामी आला तो असा. त्यांनी धावण्याची ढब पूर्ववत केली, आठवड्याचे अंतर ४५ वरून २५ किलोमीटरवर आणले आणि चढ व वेगाचा सराव थांबवला. धावताना दुखणे दहापैकी तीनच्या आत राहावे आणि दुसऱ्या सकाळची पहिली पावले आदल्या सकाळपेक्षा वाईट नसावीत, एवढी अट ठेवली.

त्यांना दिलेला व्यायाम दोन्ही जागांना एकदम उपयोगी पडणारा होता. टॉवेलची घडी गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवायची, तिच्यावर पायाची बोटे वर वळतील असे उभे राहायचे आणि एका पायावर टाच उचलायची. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद तिथेच, आणि तीन सेकंदांत खाली. बोटे वर वळल्यामुळे फॅशिया ताणला जातो आणि टाच उचलल्यामुळे अकिलिसवर भार येतो. सुरुवातीला बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. पुढे पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवत आणि उचलण्याची संख्या घटवत जायचे. रोज न करता दिवसाआड करायचे, कारण मधला दिवस तंतूंच्या दुरुस्तीसाठी असतो. उत्साही माणसे नेमका तोच दिवस गाळतात.

इंजेक्शनबद्दल त्यांनी विचारले होते. फॅशियाजवळ दिलेल्या स्टिरॉइडने काही आठवडे चांगला आराम पडू शकतो, पण फॅशिया फाटण्याचा आणि टाचेची गादी पातळ होण्याचा धोका असतो. पातळ झालेली गादी परत मिळवणे कठीण असते. अकिलिस कंडरेत तर स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊच नये. त्यांनी ते टाळले.

सहा महिन्यांनी ते पुन्हा तपासायला आले. सकाळची कळ जवळपास गेली होती. फॅशिया ५.३ वरून ४.७ मिलिमीटरवर आला होता आणि अकिलिस ७.४ वरून ७.२ वर. पहिला फरक कदाचित खरा असेल, दुसऱ्याला मी फरकच म्हणत नाही, तो माझ्या हाताच्या चुकीत सहज मावतो. तरी अहवालात ‘अकिलिस कंडरेत लक्षणीय बदल नाही’ असे लिहिलेले वाचून त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना एका पायावर उभे राहून टाच उचलायला सांगितली. पहिल्या भेटीत उजव्या पायावर १७ आणि डाव्या पायावर २६ वेळा जमले होते. आता उजव्यावर २४ वेळा जमले आणि डाव्यावर पूर्वीइतकेच. कंडरेची ताकद जाडीच्या आकड्यातून कळत नाही, ती टाच उचलण्याच्या या मोजणीतून कळते. चित्र न बदलता कंडरा सशक्त होऊ शकते, कारण विस्कटलेल्या भागाभोवतीचे चांगले तंतू आणि पोटरीचे स्नायू भार उचलायला शिकतात.

‘मग तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी?’ असे त्यांनी उठता उठता विचारले. मी नको म्हणालो. टाचेच्या मागे सकाळचा ताठरपणा परत सुरू झाला आणि दोन आठवड्यांत गेला नाही, टाचेचे दुखणे विश्रांतीतही होऊ लागले, किंवा धावताना अचानक काही तुटल्यासारखे वाटले, तर मात्र यावे, आणि शेवटच्या प्रसंगी तर त्याच दिवशी.